रिकामा रकाना म्हणजे नेमकं काय? एका सोबत-टिपणाचं वाचन

मागे एकदा मी लिहिलं होतं की माझ्या संशोधनातला निम्मा वेळ पावसापेक्षा पावसाच्या कागदांवर जातो. आज त्यातल्याच एका कागदाबद्दल, खरं तर त्या कागदासोबत आलेल्या अर्ध्या पानाच्या टिपणाबद्दल लिहितेय. हे टिपण ज्याने लिहिलंय तो माझा सीनियर आहे, मी त्याला दादा म्हणते, आणि हे लिहिण्याआधी त्याला विचारलंय. त्याचं म्हणणं, "लिही बिनधास्त, फक्त नाव नको." तर नाव नाही.

आधी प्रकरण काय ते सांगते. जुन्या मुंबई इलाख्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणचा 1934 सालचा रोजचा पाऊस, छापील खंडातलं एक पान. डावीकडे 1 ते 31 तारखा, वर जानेवारी ते डिसेंबर असे बारा महिने, तळाला महिन्याची बेरीज आणि पावसाचे दिवस. त्या पानाची स्कॅन केलेली प्रतिमा दादाने ओसीआरमधून काढली, आडवं पान उभं केलं आणि `date` आणि `rain_mm` असे दोनच कॉलम असलेली सीएसव्ही फाईल मला पाठवली. सोबत टिपण. त्यात डेटा डिक्शनरी म्हणून दोन ओळी: `date` म्हणजे निरीक्षणाची तारीख, `rain_mm` म्हणजे पाऊस, मिलिमीटरमध्ये, एका दशांश स्थळापर्यंत. खाली गृहीतकं म्हणून एकच वाक्य: मासिक बेरजा छापील बेरजांशी ताडून पाहिल्या आहेत. मग प्रतिमेच्या फाईलचं नाव आणि पान क्रमांक.

या टिपणात दोन गोष्टी चांगल्या आहेत, त्या आधी सांगायला हव्यात, कारण बहुतेक टिपणांत त्याही नसतात. पहिली म्हणजे प्रतिमेचं नाव आणि पान क्रमांक. त्यामुळेच मला मूळ पान पाच मिनिटांत उघडता आलं. दुसरी म्हणजे एक दशांश स्थळ. मूळ आकडे इंच आणि सेंटमध्ये आहेत, एक सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे 0.254 मिमी. एका दशांश स्थळापर्यंत गोळाबेरीज केली तर पायरी 0.1 मिमीची होते, सेंटपेक्षा बारीक, म्हणून उलट जाता येतं. 1·27 इंचांचे 32.258 मिमी, ते 32.3 लिहिले तरी 25.4 ने भागून परत 1.27 च मिळतात. त्याने पूर्ण मिलिमीटर ठेवले असते तर 32 भागिले 25.4 म्हणजे 1.26, आणि मूळ आकडा कायमचा गेला असता. दादाने हे विचार करून केलं होतं. पण टिपणात मूळ एकक इंच होतं हा शब्दच नाही! म्हणजे उलट जायची वाट त्याने ठेवली, पण वाट आहे ही पाटी लावली नाही.

आता माझी खरी तक्रार.

जुलैच्या कॉलममध्ये सीएसव्हीत सहा रकाने रिकामे होते. मी फोन केला. दादा म्हणाला, "अगं, पाऊस नसेल पडला, म्हणून रिकामं. शून्यच धर ना." मी मूळ पान उघडलं, चारशे टक्के मोठं करून पाहिलं. त्या सहांपैकी तीन ठिकाणी दोन बारीक टिंबं होती, दोन ठिकाणी आडवी रेघ होती, आणि एका ठिकाणी, 9 तारखेला, महिरपी कंसाची वरची शेपटी होती. तो कंस 9 आणि 10 अशा दोन ओळींना कवेत घेत होता आणि त्याच्यापुढे, 10 च्या ओळीत, एकच आकडा होता: 5·12.

ओसीआरच्या दृष्टीने टिंबं, रेघ आणि कंस म्हणजे कागदावरचा मळ. त्याने तिघांनाही पुसून टाकलं आणि तिन्ही एकसारखी रिकामी झाली. छापणाऱ्याने मात्र तीन वेगळी चिन्हं मुद्दाम वापरली होती. खंडाच्या सुरुवातीच्या पानांत त्यांचा खुलासा आहे: टिंबं म्हणजे कोरडा दिवस, रेघ म्हणजे निरीक्षण नाही, कंस म्हणजे एवढ्या दिवसांचा मिळून पाऊस. पण सुरुवातीचं पान स्कॅनच्या त्या एका प्रतिमेत कसं येणार? ते वेगळंच पान. टेबलची प्रतिमा कापून घेतली की टेबलची भाषा मागेच राहते, आणि डेटा डिक्शनरीचं पहिलं काम ती भाषा आणून देणं हे आहे. "`rain_mm` म्हणजे पाऊस, मिलिमीटरमध्ये" हे वाक्य कॉलमच्या नावाचंच मराठी भाषांतर आहे. ते नसतं तरी मला तेवढंच कळलं असतं.

यावर दादाचा बचाव होता की बेरजा जुळल्यात ना, मग? हा बचाव फार ठिकाणी ऐकायला मिळतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. जुलैची छापील बेरीज 18·42 इंच. रिकाम्या रकान्यात शून्य घाला, बेरीज 18.42. रिकामे तसेच ठेवा, पांडाजमध्ये `sum()` रिकाम्यांना सोडून देतो, बेरीज पुन्हा 18.42. म्हणजे बेरीज या प्रश्नावर आंधळी आहे. ती जुळल्याने शून्य आणि "माहीत नाही" यांतला फरक तपासला जातच नाही. सरासरी काढा, मग कळतं. सहाही दिवस शून्य धरले तर रोजची सरासरी 0.59 इंच. सहाही गाळले तर 0.74. आणि पानावर जे खरंच लिहिलंय त्याप्रमाणे फक्त रेघेचे दोन दिवस गाळून 29 दिवसांवर काढली तर 0.64. एकाच फाईलमधून तीन उत्तरं, आणि तिन्ही वेळा बेरीज जुळलेली.

कंसाचं प्रकरण याहून वाईट आहे, निदान माझ्यासाठी. माझा विषय एका दिवसातला मोठा पाऊस हा आहे. दादाच्या फाईलमध्ये 9 जुलै रिकामा आणि 10 जुलैला 130.0 मिमी. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी म्हणजे मुसळधार आणि 115.6 ते 204.4 म्हणजे अति मुसळधार. त्यामुळे माझ्या यादीत त्या गावी त्या वर्षीचा एकमेव अति मुसळधार दिवस म्हणून 10 जुलै आला. पान सांगतं की तो दोन दिवसांचा मिळून पाऊस आहे. समसमान वाटला तर रोज 65.0, म्हणजे मुसळधारच्या पायरीवर जेमतेम पाय टेकलेला. तसा तो पडला असेल असंही नाही. कदाचित 120 एका दिवशी आणि 10 दुसऱ्या दिवशी पडला असेल. ते आता कुणालाच कळणार नाही. म्हणून हा आकडा माझ्या यादीतून काढावा लागतो, अर्धा करून नव्हे, तर "एका दिवसाचा पाऊस अज्ञात" असा शेरा मारून. हे करता येण्यासाठी फाईलमध्ये कंस जिवंत राहायला हवा. आम्ही शेवटी त्या दोन ओळी अशा लिहिल्या:

```
date,rain_raw,rain_mm,span_days,flag
1934-07-09,{,,,ACC
1934-07-10,5·12,130.0,2,ACC
```

`rain_raw` मध्ये पानावर जे छापलंय ते अक्षरशः, उंचावरच्या दशांश टिंबासकट. `rain_mm` मध्ये आमचं रूपांतर. `span_days` म्हणजे हा आकडा किती दिवसांचा. `flag` मध्ये टिंबांसाठी `DRY`, रेघेसाठी `NOOBS`, कंसासाठी `ACC`. कोरड्या दिवशी `rain_mm` मध्ये 0.0 लिहायचा, निरीक्षण नसेल तर काहीच नाही. आता रिकामा रकाना दिसला तर शेजारचा शेरा पाहिला की झालं.

कुणी म्हणेल, `rain_raw` कशाला, फाईल उगाच फुगते. फुगू दे. एका वर्षाच्या 365 ओळी असतात. प्रतिमेवरून टेबल बनवताना तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात: छापणाऱ्याने काहीतरी छापलं, यंत्राने किंवा माणसाने ते काहीतरी वाचलं, आणि मग कुणीतरी त्याचं काय करायचं ते ठरवलं. एकाच कॉलममध्ये तिन्ही कोंबली की चूक सापडल्यावर ती कुणाची ते सांगता येत नाही. आणि ते सांगता येणं का गरजेचं आहे, हे आम्हाला त्याच पानावर दोनदा दिसलं.

जुलैची बेरीज दादाला पहिल्या फेरीत जुळली नव्हती. सीएसव्हीची 18.92, छापील 18·42, फरक नेमका 0.50. अशा फरकाकडे आधी जरा शांतपणे बघावं. 3 चा 8 वाचला की त्या स्थानी 5 चा फरक पडतो, म्हणजे 0.05, 0.50 किंवा 5.00. 1 चा 7 झाला की 6 चा. फरक 0.50 आहे म्हणजे दशांशाच्या पहिल्या स्थानी 3 आणि 8 चा गोंधळ, असा अंदाज घेऊन त्याने फक्त 0.8 ने सुरू होणारे आकडे पाहिले आणि एक 0.88 सापडला, जो पानावर 0·38 होता, शाई जरा पसरलेली. ही वाचण्यातली चूक. ती दुरुस्त केली, छान केलं. पण टिपणात त्याचा उल्लेख नाही! "बेरजा ताडून पाहिल्या" या वाक्यातून वाचणाऱ्याला वाटतं की सगळं पहिल्या फटक्यात जुळलं. प्रत्यक्षात एक आकडा बदलला होता, आणि तो का बदलला हे पुढच्याला कळायला हवं. कदाचित तो झूम करून पाहील आणि म्हणेल, हा तर 8 च आहे.

ऑगस्टमध्येही तसंच झालं. छापील बेरीज 11·07, आपली 11.02, फरक 0.05. दादाने पुन्हा 3 आणि 8 शोधला आणि एका 0·43 वर येऊन थांबला. शाई तिथेही जरा दाट होती. त्याने तो 0.48 केला. बेरीज जुळली. मी तो आकडा तीन वेळा पाहिला, मग लॅबमधल्या एकीला काही न सांगता वाचायला लावला. ती म्हणाली, "त्रेचाळीस. का गं?" मग तिला सबंध कॉलमच वाचायला बसवलं, आणि तिचे सगळे आकडे आमच्याशी जुळले. म्हणजे पानावर 3 च आहे, आणि न जुळणं हे पानातच आहे. छापखान्यात एखादा खिळा चुकला असेल, किंवा बेरीज करणाऱ्या कारकुनाची चूक असेल. बेरीज चुकली की आकडा चुकला, हे पानावरून ठरवता येत नाही. अशा वेळी बेरजेसाठी आकडा वाकवणं म्हणजे तपासणीच मोडून टाकणं आहे. जिच्याशी ताडून पाहायचं तिच्याचसाठी आकडा बदलला, तर जुळण्याला अर्थ काय राहिला?

म्हणून आता 0·43 परत 0.43 आहे, छापील बेरजांची एक वेगळी छोटी फाईल आहे, आणि टिपणात लिहिलंय की ऑगस्टमध्ये 0.05 इंचांचा फरक आहे, दोन जणींनी स्वतंत्रपणे वाचून आकडे तेच आले, काहीही बदललेलं नाही.

आता सप्टेंबर. हा आमच्या दोघांच्याही नजरेतून जवळजवळ सुटला होता. सप्टेंबरची बेरीज जुळत होती. पावसाच्या दिवसांची संख्याही जुळत होती. पण तारखा चुकलेल्या होत्या. महिन्याच्या मध्यात सलग कोरडे दिवस होते, नुसती टिंबं, आणि ओसीआरने त्या रिकाम्या पट्ट्यातल्या दोन ओळी गिळून खालचे सगळे आकडे दोन ओळी वर सरकवले. बेरजेला क्रमाशी देणंघेणं नसतं. आकडे कुठल्याही तारखेला ठेवा, बेरीज तीच. हे सापडलं ते निव्वळ योगायोगाने: प्रतिमेत शेवटचा आकडा 30 तारखेसमोर होता, फाईलमध्ये 28 ला. फेब्रुवारीत असं खाली सरकलं तर 30 फेब्रुवारीला पाऊस पडलेला दिसतो आणि लगेच कळतं. वर सरकलं तर कळायला मार्ग नाही. तेव्हापासून आम्ही प्रत्येक महिन्याचा पहिला आकडा, शेवटचा आकडा आणि प्रत्येक कोरड्या पट्ट्यानंतरचा पहिला आकडा कोणत्या तारखेसमोर आहे, ते प्रतिमेवर पट्टी ठेवून पाहतो. खरीखुरी प्लास्टिकची पट्टी, स्क्रीनवर. हसू नका.

या गोष्टी टिपणात कशा लिहायच्या? "डेटा काळजीपूर्वक तपासला आहे" हे वाक्य लिहिणाऱ्याला बरं वाटतं, वाचणाऱ्याच्या काही कामाचं नाही. कोणती तपासणी केली आणि ती कोणती चूक पकडू शकत नाही, हे दोन्ही हवं. "मासिक बेरजा ताडल्या, यातून तारखा सरकणं आणि रिकाम्या रकान्यांचा अर्थ तपासला जात नाही" एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी मी त्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी पाहिल्या असत्या.

`date` च्या व्याख्येवरही एक शेरा. "निरीक्षणाची तारीख" हे चूक नाही, पण अपुरं आहे. पर्जन्यमापक सकाळी वाचतात (त्या काळी आठला, आता साडेआठला) आणि तो आकडा वाचण्याच्या तारखेसमोर लिहितात. म्हणजे 10 तारखेसमोरच्या पावसाचा मोठा भाग 9 तारखेच्या दुपारी आणि रात्री पडलेला असतो. ज्याला हे माहीत नाही तो त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातल्या पुराच्या बातमीशी ताडायला जातो आणि एक दिवसाचा घोळ होतो. आमच्या डिक्शनरीत आता असं आहे: "`date`: ज्या सकाळी मापन वाचलं ती तारीख. पाऊस त्याआधीच्या 24 तासांचा. `span_days` 2 असेल तर 48 तासांचा. वेळ या पानावर छापलेली नाही, खंडाच्या प्रास्ताविकातून घेतली आहे." शेवटचं वाक्य मी हट्टाने घातलं. कोणती माहिती प्रतिमेत आहे आणि कोणती बाहेरून आणली, हे दर व्याख्येत दिसलं पाहिजे, कारण उद्या कुणी दुसऱ्या वर्षाचं पान याच साच्यात घालेल आणि त्या वर्षीच्या प्रास्ताविकात काही वेगळं असेल.

पावसाच्या दिवसांची गंमत तर सांगायची राहिलीच. छापील पानावर जुलैत 22 दिवस, माझ्या कोडमधून 21. अर्धा तास ओसीआरला शिव्या दिल्या. त्या काळी पावसाचा दिवस म्हणजे 10 सेंट किंवा जास्त. एका तारखेला नेमका 0·10 होता, म्हणजे 2.54 मिमी, जो आमच्या फाईलमध्ये 2.5 झाला होता, आणि मी लिहिलं होतं:

```
(df["rain_mm"] > 2.5).sum()
```

`>=` केलं, 22 आले. चूक माझी, पण टिपणात "पावसाचा दिवस: `rain_raw` 0·10 किंवा जास्त" असं असतं तर ती झाली नसती. गोळाबेरीज केलेल्या कॉलमवर उंबरठा लावायचाच नाही, मूळ एककातल्या आकड्यावर लावायचा, हे आता आमच्या गृहीतकांत आहे.

नव्या टिपणातलं प्रत्येक गृहीतक आम्ही अशा रीतीने लिहिलंय की न पटणाऱ्याला ते उलटवता यावं: काय दिसलं, काय ठरवलं, किती रकान्यांना लागू झालं, आणि कोणत्या शेऱ्याने ते शोधता येतील. उदाहरणार्थ, "टिंबं असलेले रकाने 0.0 धरले, `DRY` ने गाळा." टिपण अर्ध्या पानाचं आता दोन पानांचं झालंय. दादा कुरकुरला, "टेबलपेक्षा टिपण मोठं झालं की." झालंय खरं. पण 9 आणि 10 जुलै माझ्या यादीतून बाहेर आहेत, आणि ते का बाहेर आहेत हे आता गाईडने विचारलं तर मी त्या दोन ओळींकडे बोट दाखवू शकते.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. नोव्हेंबरमध्ये एका आकड्याशेजारी तारका आहे, आणि तिची तळटीप स्कॅन करताना पानाच्या खालच्या कडेसोबत कापली गेली आहे. खंडाची दुसरी प्रत पुण्यातल्या एका ग्रंथालयात आहे असं कळलंय. तोवर त्या रकान्यात आकडा आहे तसा, आणि शेऱ्यात `STAR`, पुढे "अर्थ पाहिलेला नाही".